लेहला उतरलं की हळू पळतानाही ठोके का चढतात : आधी काय तपासायचं आणि कधी थांबायचं

दर सप्टेंबरात लेहच्या गेस्ट हाऊसच्या अंगणात मला हेच ऐकायला मिळतं. "ताई, घड्याळ बिघडलंय की मी?" लडाख मॅरेथॉनसाठी पुण्याहून आमचा पळणाऱ्यांचा गट जातो आणि त्यांची राहण्या-खाण्याची व्यवस्था माझ्याकडे असते. त्यामुळे हा प्रश्नही माझ्याकडेच येतो. आता उत्तर देण्याचा एक क्रम ठरून गेलाय, तोच इथे लिहिते.

लक्षणं

पुण्यात ज्या वेगाने गप्पा मारत पळता येतं, त्याच वेगाला ठोके १५ ते ३० ने जास्त दिसतात. जिन्याच्या एका मजल्याला धाप लागते. सकाळी अंथरुणात मोजलेली नाडी नेहमीपेक्षा १० ते २० ने वर असते. रात्री मध्येच दचकून जाग येते आणि छातीत धडधडतं. पाय मात्र ताजे असतात, दुखत वगैरे काही नाही. नेमकं हेच माणसाला गोंधळात टाकतं, कारण दमल्यासारखं वाटत नाही आणि आकडा मात्र दमलेल्या माणसाचा.

यासोबत डोकेदुखी, मळमळ, खोकला, बसल्या जागी धाप किंवा छातीत दुखणं यांपैकी काहीही असेल, तर मधलं सगळं सोडून थेट "इथे थांबा" या भागाकडे जा.

खाली गेल्या खेपेचं एक उदाहरण सोबत घेते. आमच्यातले एक दादा, वय ४६. पुण्यात किलोमीटरला सात मिनिटं हा त्यांचा आरामाचा वेग आणि त्या वेगाला ठोके १३८. सकाळची नाडी ५६. लेहमधल्या तिसऱ्या दिवशी ते पहिल्यांदा हलकं पळायला निघाले आणि पाच मिनिटांत घड्याळाने १७१ दाखवले.

१. आकडा खरा आहे का? (खर्च शून्य, वेळ पंधरा सेकंद)

थांबा, मानेच्या एकाच बाजूला दोन बोटं हलकी टेकवा, पंधरा सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. थांबल्या थांबल्या लगेच मोजायचं. अर्ध्या मिनिटानंतर मोजलंत तर नाडी उतरलेली असते आणि घड्याळ उगाच खोटं ठरतं.

हे सगळ्यात आधी का? मनगटावरचं घड्याळ त्वचेखालच्या रक्ताची लय हिरव्या उजेडाने बघतं. लेहच्या सकाळी हात गार पडतात, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घड्याळाला बघायला फारसं काही उरत नाही. अशा वेळी ते हाताच्या हेलकाव्याची लय पकडतं. म्हणजे ते ठोके मोजत नसतं, पावलं मोजत असतं. याची खूण सोपी आहे. आकडा १६५ ते १७५ च्या मध्ये चिकटून बसतो, चढ आला काय आणि उतार आला काय, हलत नाही. मुद्दाम छोटी, भराभर पावलं टाकून बघा. आकडाही त्यांच्यासोबत वर गेला तर तो तुमच्या हृदयाचा नव्हे.

दादांचे हाताने ३९ ठोके आले, म्हणजे मिनिटाला १५६. घड्याळाचे पंधरा ठोके तिथेच गळाले. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवून घट्ट केला, बाहीच्या आत झाकला आणि नंतर घड्याळ व हात बऱ्यापैकी जुळले. ठोके मोजणारा छातीचा पट्टा असेल तर या भानगडीच नाहीत, पण तोही कोरड्या हवेत आधी ओला करून घ्यावा लागतो.

१५६ मात्र खरे होते. पुण्यापेक्षा १८ जास्त.

२. तुलना कशाशी करताय? (खर्च शून्य, पण अभिमान थोडा खर्ची पडतो)

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचं प्रमाण २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढा कमी. याचा ठोक्यांशी संबंध कसा, हे एका साध्या हिशेबाने कळतं.

सात मिनिटांच्या वेगाने पळायला स्नायूंना जेवढा ऑक्सिजन पुण्यात लागतो, तेवढाच लेहमध्ये लागतो. तो पोचवायला तीन गोष्टी असतात : मिनिटाला किती ठोके, एका ठोक्यात किती रक्त आणि त्या रक्तात किती ऑक्सिजन. पुण्यात दादांच्या बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९७ दाखवायचा, लेहमध्ये तिसऱ्या दिवशी ८८. एका ठोक्यातलं रक्त काही वाढत नाही. मग उरले ठोके. १३८ ला ९७ ने गुणून ८८ ने भागलं की १५२ येतात. हा ढोबळ हिशेब आहे. पळताना ऑक्सिजन आणखी उतरतो, स्नायूही रक्तातून थोडा जास्त ओढून घेतात, त्यामुळे तो तंतोतंत कुणाचाच जुळणार नाही. पण वाढीचा मोठा भाग कुठून आला ते त्यात दिसतं. हृदय इथे बिघडलेलं नाही, ते तूट भरून काढतंय. मानेतल्या धमनीजवळ ऑक्सिजनवर नजर ठेवणाऱ्या बारीक गाठी असतात. ऑक्सिजन उतरला की त्या श्वास वाढवायला लावतात, सोबत ठोकेही वाढतात आणि हे विमानातून उतरल्यावर काही मिनिटांतच सुरू होतं.

म्हणून लेहमध्ये वेग धरून पळायचं नाही, दम धरून पळायचं. पूर्ण वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. दादांना मी म्हटलं, "घड्याळात वेगाची पाटीच बंद करा." नऊ मिनिटांच्या वेगाने, मध्ये चालत, ते १३६ वर आले. इथे बरेच जण नाराज होतात. पण या उंचीवर शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने घटलेली असते. पुण्यातला सोपा वेग इथे मध्यम असतो आणि मध्यम वेग कठीण. त्यातून कमाल ठोकेही उंचीवर थोडे खाली येतात, त्यामुळे घड्याळातले पुण्यात बसवलेले ठोक्यांचे रंगीत पट्टे इथे दोन्हीकडून चुकतात.

३. पाणी : झोपून-उभं राहून नाडी (खर्च दहा मिनिटं)

वाढीत उंचीचा वाटा काढून टाकता येत नाही. पाण्याचा आणि झोपेचा येतो. म्हणून माझा सगळा जोर या दोनांवर असतो.

पुणेकर लेहला कसा पोचतो ते आठवा. रात्रीचं विमान धरून दिल्ली, तिथे खुर्चीत बसून पेंगत पहाट करायची, सकाळच्या विमानाने लेह. सारखं उठायला नको म्हणून पाणी कमी प्यायचं. मध्ये दोन कडक कॉफ्या. विमानातली हवा कोरडी, केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीसारखा. गंमत म्हणजे विमान ढगांच्या वर असतानाही आतल्या हवेच्या हिशेबाने तुम्ही लेहपेक्षा खाली असता, दार उघडल्यावर खरे वर येता. तासन्‌तास बसून पायांत पाणी उतरलेलं असतं, बूट घट्ट होतात. लेहची हवा कोरडी, श्वास जोरात चाललेले, प्रत्येक उच्छ्वासात ओलावा जातो आणि घाम जागच्या जागी वाळतो, त्यामुळे तो आलाय हेच कळत नाही.

रक्तातलं पाणी घटलं की एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि हृदय संख्या वाढवून भरपाई करतं. तपासायची रीत अशी. पाच मिनिटं शांत आडवे पडा, नाडी मोजा. उठून उभे राहा, एक मिनिटाने पुन्हा मोजा. घरी हा फरक साधारण १० ते २० चा असतो. ३० च्या वर गेला, सोबत लघवी गडद पिवळी आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी, तर पाणी कमी आहे असं धरून चाला. दादांचे आकडे होते आडवे ७२, उभे १०४.

उपाय म्हणजे ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, घोट घोट, अर्ध्या दिवसात. दादांनी दिवसभरात दोन पाकिटं घेतली, शिवाय जेवताना सूप आणि थुक्पा. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ओआरएस डॉक्टरांना विचारूनच.

इथे एक गैरसमज दर वर्षी भेटतो : "भरपूर पाणी प्यायलं की उंची लागत नाही." तसं नसतं. उंचीवर पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःच लघवीवाटे पाणी काढून रक्त दाट करतं, म्हणजे प्रत्येक थेंबात तांबड्या पेशी जास्त बसतात. तो भाग पिऊन परत येत नाही आणि आणायचाही नसतो. आपण भरून काढायची ती प्रवासाची तूट. एकदा आमच्यातल्या एकाने दिवसात सात लिटर साधं पाणी रिचवलं होतं. त्याचं डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं आणि हे उंचीमुळे की रक्तातलं मीठ पातळ झाल्यामुळे, हे ठरवायला डॉक्टरकडे जावं लागलं. लघवी फिकट पिवळी झाली की पुरे.

४. झोप आणि पोटात गेलेली औषधं

एक रात्र जागून काढली तरी दुसऱ्या दिवशी नाडी चढी राहते. लेहमध्ये त्यावर आणखी एक भर पडते. झोपेत श्वास काही सेकंद थांबतो, मग दोन-चार खोल श्वास येतात आणि माणूस दचकून उठतो. जोर जोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, झोपेत श्वास घ्यायचा इशारा त्यावरच बराचसा अवलंबून असतो, म्हणून ही चढउतार होते. घड्याळाचा रात्रीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. एवढ्यावरून घाबरायचं नाही. पण झोप लागावी म्हणून पेग किंवा झोपेची गोळीही घ्यायची नाही, दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

औषधांची पिशवी उघडून बघा. बंद नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या आणि दम्याचा पंप या दोन्हींनी ठोके वाढतात. थायरॉइडची गोळी जास्त होत असेल तरीही. उलट रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर ठोके चढतच नाहीत आणि माणूस समजतो की आपलं छान चाललंय. अशांनी नाडीवर विसंबू नये, बोलता येतंय का तेच बघावं. कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका. उंचीसाठी डॉक्टरांनी ॲसिटाझोलामाइड दिलं असेल तर लघवी जास्त होते, हे पाण्याच्या हिशेबात धरा.

थर्मामीटरही लावा. ताप एका अंश सेल्सिअसने चढला की ठोके ढोबळ दहाने वाढतात. विमानतळावरून घेतलेला संसर्ग कित्येकदा नाडीत आधी दिसतो, नाकात नंतर. ताप असेल तर पळणं बंद.

५. दिवस मोजा (सर्वांत अवघड, कारण काहीच करायचं नसतं)

पहिले दोन दिवस आमच्या गटात बूट बाहेर काढायलाच बंदी असते. बाजारापर्यंत चालायचं, शांती स्तूपाच्या पायऱ्याही नाहीत. रोज सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच नाडी मोजून वहीत लिहायची. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो, चार आकड्यांना असतो.

दादांची वही अशी होती. दुसरा दिवस ७४. तिसरा ७२, तोच गडबडीचा. त्या दिवशी पाणी आणि रात्री साडेसात तास झोप. चौथ्या दिवशी ७०, आणि उभं राहिल्यावर १०४ च्या जागी ९१. म्हणजे पाण्याची तूट बऱ्यापैकी भरली होती. सहाव्या दिवशी ६४, ऑक्सिमीटरवर ९१ आणि सव्वाआठ मिनिटांच्या वेगाला १३८. पुण्याची ५६ काही लेहमध्ये आली नाही आणि येणारही नव्हती. श्वासाची सवय आठवड्याभरात बसते, तांबड्या पेशी खरोखर वाढायला काही आठवडे लागतात. दहा दिवसांच्या सहलीत त्याची वाट बघू नये.

आकडा रोज थोडा उतरतोय तर सगळं ठीक. दोन दिवस जागचा हलत नसेल तर आराम वाढवा, आणखी उंच जाऊ नका. नुब्रा किंवा पँगाँगची गाडी ठरलेली असते आणि तिथेच मोह होतो. वाटेतल्या खिंडी ५,३०० मीटरच्या आसपास आहेत. आकडा चढत असेल तर पुढचा भाग वाचा.

ऑक्सिमीटरबद्दल एवढंच. बोट चोळून गरम करा, नखावर रंग नको, एक मिनिट आकडा स्थिर होऊ द्या. लेहमध्ये पहिल्या दिवसांत ८५ ते ९२ मध्ये बरेच जण असतात. स्वतःच्या कालच्या आकड्याशी आणि सोबत आलेल्यांशी ताडून बघा. सगळे ८९ वर असताना एकटाच ७८ वर असेल तर तो मुद्दा आहे. घड्याळातला ऑक्सिजनचा आकडा मी बघतच नाही.

उंची नसेल, फक्त लांबचा प्रवास असेल तर

मुलांकडे अमेरिकेला गेलेले आमचे लोक तिथून लिहितात, "इथे तर समुद्रसपाटी आहे, मग ठोके का चढले?" तपासणी १, ३ आणि ४ जशीच्या तशी करा, उत्तर बहुधा पाणी आणि झोपेतच सापडतं. त्यात घड्याळाच्या फरकाची भर असते. तिथे सकाळचे सहा वाजलेले असतात, पण शरीर अजून पुण्याच्या संध्याकाळीत असतं. त्यामुळे सकाळच्या नाडीची तुलना आठवडाभर तरी करू नका. पाणी दोन दिवसांत भरतं, शरीराचं घड्याळ साधारण एका तासाच्या फरकाला एक दिवस घेतं.

इथे थांबा

यातलं काही दिसलं की घरगुती तपासण्या संपल्या.

बसल्या जागी किंवा आडवं पडल्यावर धाप, कोरडा खोकला, छातीत खरखर, काल चालवत होतं ते अंतर आज चालवत नाही आणि आरामातली नाडी रोज उतरण्याऐवजी चढतेय, ११० च्या आसपास. ही फुप्फुसांत पाणी साठल्याची लक्षणं असू शकतात. हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री होतं, म्हणजे "आता सवय झाली" असं वाटायला लागल्यावर. गुलाबी फेसाची थुंकी दिसेपर्यंत थांबू नये.

डोकेदुखीसोबत उलट्या, बोलण्यात गोंधळ, झोकांड्या. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला तर मेंदूला सूज असू शकते. अशा माणसाला एकट्याला खोलीत झोपवून ठेवू नका.

एकाच पोटरीत दुखणं आणि सूज, किंवा अचानक धाप आणि श्वास घेताना छातीत टोचणं. लांबच्या प्रवासात पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात सरकू शकते. हे उंचीशिवायही होतं आणि प्रवासानंतर काही आठवड्यांपर्यंत होऊ शकतं. अशी पोटरी चोळायची नाही.

छातीत दाबल्यासारखं दुखणं, चक्कर येऊन पडणं, नाडी बेताल लागणं किंवा बसलेलं असताना अचानक १५० च्या वर जाऊन तिथेच राहणं. याला पाणी आणि झोप हे उत्तर नाही.

लेहमध्ये सोनम नोरबू स्मारक रुग्णालय आहे आणि उंचीचे रुग्ण तिथल्या डॉक्टरांच्या रोजच्या बघण्यातले. रात्री दोन वाजले असले तरी जा. "खाली उतरा" हा सल्ला बरोबरच आहे, पण लेहहून खूप खाली उतरायचं तर गाडीला आधी खिंड चढावी लागते. कारगिलकडे फोटू ला ४,१०० मीटरवर आहे, मनालीकडच्या खिंडी त्याहून उंच. म्हणून आधी ऑक्सिजन आणि डॉक्टर, मग उतरायचं कसं ते त्यांच्या सांगण्याने. परतीच्या विमानाचं तिकीट बदलता येणारं काढा असं मी दर वर्षी सांगते आणि दर वर्षी निम्मे लोक स्वस्तातलं काढतात.

परत आल्यावरही ठोके चढेच असतील

घरी पोचून दहा-बारा दिवस झाले, झोप पुरी, पाणी पुरं, तरी सोप्या वेगाला ठोके १० ने वर, तर ते लेहच्या खात्यावर टाकू नका. डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि टीएसएच या रक्ततपासण्या व एक ईसीजी करून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन ठीक असूनही तो रिकामा असू शकतो आणि उंचीवर नव्या तांबड्या पेशी बनवायला लोह लागतंच. आमच्या गटातल्या बायकांना मी ही तपासणी जूनमध्येच करायला लावते, म्हणजे कमी निघालं तर डॉक्टरांच्या सल्ल्याने साठा भरायला सप्टेंबरपर्यंत वेळ मिळतो.

दादांना यातलं काही लागलं नाही. अकराव्या दिवशी त्यांचा पुण्याहून निरोप आला : सात मिनिटं, १३६. खाली लिहिलं होतं, हाताने मोजलेत.